बाबासाहेबांचा शोधनिबंध दहावीच्या वर्गात : एका वाचन-मार्गदर्शिकेची घडण

दिनांक ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला. भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्याचा विषय. पुढे मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या संशोधन-नियतकालिकात छापला गेला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात हा निबंध आरंभीच आहे. त्याचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. आपल्या घराघरांत बाबासाहेबांची प्रतिमा आहे, अनेक घरांत त्यांचे ग्रंथही आहेत. परंतु हा निबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली माणसे फार थोडी आढळतात. त्याचे कारण अनास्था नव्हे. हा निबंध तज्ज्ञांसमोर वाचण्यासाठी लिहिलेला आहे. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले ही नावे कोणत्याही परिचयाविना येतात आणि युक्तिवाद एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर न थांबता चढत जातो.

असा निबंध दहावीच्या मुलामुलींना वाचता यावा म्हणून मी गेली काही वर्षे एक वाचन-मार्गदर्शिका तयार करीत आहे. दरवर्षी तिच्यात दुरुस्ती होते. ती कशी घडली आणि कोठे चुकली, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांसमोर मांडीत आहे.

सारांश नव्हे, वाट

पहिल्या वर्षी मी जे केले ती मार्गदर्शिका नव्हतीच. मी निबंधाचा चार पानांचा सारांश लिहिला, त्याखाली दहा प्रश्न दिले आणि मुलांना वाटला. दहाही प्रश्नांची उत्तरे अचूक आली. मी समाधानी होतो. मग सहज विचारले, "मूळ निबंध कोणी उघडला?" एकही हात वर झाला नाही. उघडण्याची गरजच मी ठेवली नव्हती. तेव्हापासून एक कसोटी मी पक्की धरली आहे. ज्याने मूळ लेख वाचलेला नाही अशा सहकाऱ्याच्या हाती मार्गदर्शिका द्यावी. त्याला तिच्यातील प्रश्नांची उत्तरे देता आली, तर ती मार्गदर्शिका टाकाऊ समजावी.

दुसऱ्या वर्षी काम उलट्या बाजूने सुरू केले. प्रथम स्वतः निबंध तीन वेळा वाचला. पहिल्या वाचनात काही लिहिले नाही. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक घातला, कारण मूळ छपाईत ते नाहीत आणि क्रमांकाशिवाय वर्गात बोटे वेगवेगळ्या पानांवर फिरत राहतात. तिसऱ्या वाचनानंतर पुस्तक मिटून निबंधाचा गाभा एकाच वाक्यात लिहिला : गटातच लग्न करण्याचा नियम टिकवण्याच्या खटपटीतून जात निर्माण झाली आणि अनुकरणाने व बहिष्काराने ती पसरली. हे वाक्य मुलांना द्यायचे नाही. ते शिक्षकासाठी आहे. कोणता प्रश्न ठेवावा आणि कोणता गाळावा, हे त्याच्यावरून ठरते.

त्यानंतर निबंधाचे पाच भाग पाडले. पहिल्या भागात जातीच्या चार व्याख्यांची तपासणी आहे. दुसऱ्यात लग्नाच्या नियमाचे गणित आहे. तिसऱ्यात त्या गणितातून निघालेल्या तीन प्रथा, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालिकाविवाह. चौथ्यात जात एका गटातून इतर गटांत कशी गेली याचे विवेचन आणि पाचव्यात निष्कर्ष. चाळीस मिनिटांच्या एका तासिकेस एक भाग. पहिला भाग मी स्वतः सांगतो, कारण तेथे परकीय नावांची गर्दी आहे. त्यांतील चौथे नाव मात्र मराठी आहे : ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. जातिसंस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला होता आणि बाबासाहेबांनी त्यांच्या व्याख्येला इतरांपेक्षा अधिक मान देऊन मगच तिच्यातील उणीव दाखवली. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली : जन्माने सभासदत्व आणि गटाबाहेर लग्नास बंदी. बाबासाहेब म्हणतात, ही दोन नव्हेत. एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की बाहेरून कोणी आत येणे आपोआपच बंद होते. उरलेले चार भाग मुले स्वतः वाचतात.

वाचनापूर्वीचे प्रश्न

वाचनापूर्वी विचारायचे प्रश्न म्हणजे लेखकाचा जन्म केव्हा झाला, लेख कोठे छापला, असे अनेकांना वाटते. मलाही वाटत असे. असे प्रश्न मुखपृष्ठ पाहून सुटतात आणि त्यांनी वाचनाची ओढ लागत नाही. लेखकाला जी अडचण सोडवायची होती, तीच अडचण मुलापुढे आधी उभी राहावी, असा प्रश्न हवा.

दुसऱ्या भागासाठी मी चिंचोके आणि ज्वारीचे दाणे आणतो. पाच-पाच मुलांचा गट करून प्रत्येकास वीस चिंचोके आणि वीस दाणे देतो. चिंचोके म्हणजे स्त्रिया, दाणे म्हणजे पुरुष, वीस जोडपी. नियम एकच : या वीस जोडप्यांच्या वस्तीने बाहेर सोयरीक करायची नाही, मुलाबाळांची लग्नेही आतच व्हावीत. मग सांगतो, "एक दाणा उचला. एक नवरा वारला. उरलेल्या बाईचे वस्तीने काय करावे?" थोड्या वेळाने दाणा परत ठेवून एक चिंचोका उचलायला सांगतो. आता बायको वारली आहे, पुरुष उरला.

मुले वाद घालू लागतात. विधवेने पुन्हा लग्न केले तर वस्तीतील एखाद्या तरुण मुलीच्या वाट्याचा नवरा जातो, हे कोणीतरी बोटाने दाखवते. बाहेर लग्न केले तर नियमच मोडतो. विधुराला बायको द्यायची तर ती कोठून आणायची? बरोबरीच्या मुली तर बरोबरीच्या मुलांसाठी ठरलेल्या. मग कोणी तरी म्हणते, "सर, मग अजून लहान असलेली पोरगीच द्यावी लागेल." त्या क्षणी वर्ग शांत होतो. बालिकाविवाहाचे कारण मुलांनी पुस्तक उघडण्यापूर्वी स्वतःच शोधलेले असते.

यानंतर त्यांना दुसरा भाग वाचायला देतो. तेथे बाबासाहेब हेच गणित मांडतात. विधवेसाठी दोन वाटा : पतीसोबत तिला जाळणे किंवा जन्मभर वैधव्य लादणे. विधुरासाठीही दोन वाटा : ब्रह्मचर्य किंवा अल्पवयीन वधू. पुरुषाला जाळण्याचा विचार कोणी का केला नाही, याचे उत्तरही ते देतात : समाजात पुरुषाचा वरचष्मा होता आणि गटाला त्याचे श्रम हवे होते. ज्यांनी चिंचोके हाताळले आहेत, त्यांना ही पाने अवघड वाटत नाहीत. आपण केलेल्या हिशोबाशी ते लेखकाचा हिशोब पडताळून पाहत असतात.

वाचनापूर्वीचे प्रश्न मी प्रत्येक भागास दोनच ठेवतो. अधिक दिले की मुले त्यांनाच स्वाध्याय समजून उत्तरे लिहीत बसतात आणि वाचन मागे पडते.

मुख्य संज्ञा

शब्दार्थांची यादी लांब केली की शिक्षकाला काम झाल्यासारखे वाटते. माझ्या पहिल्या यादीत बेचाळीस शब्द होते. आता सहा आहेत : अंतर्विवाह, बहिर्विवाह, वाढीव स्त्री व वाढीव पुरुष, बंदिस्त वर्ग, अनुकरण, बहिष्कार. निवडीचा नियम असा की, जो शब्द काढला असता युक्तिवादच कोसळतो, तोच संज्ञा म्हणून घ्यावा. बाकीचे कठीण शब्द समासात एका शब्दाचा अर्थ लिहून मोकळे करावेत.

सहांपैकी पहिल्याच संज्ञेने मला धडा दिला. एका चाचणीत निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले, "बाबासाहेबांच्या मते अंतर्विवाहाने जात नष्ट होते." मी चक्रावलो. मग लक्षात आले की मुलांच्या कानावर 'आंतरजातीय विवाह' हा शब्द रोज पडतो. शासनाच्या प्रोत्साहन योजनेत तो आहे, भाषणांत आहे. 'आंतर' म्हणजे दोहोंच्या दरम्यानचा आणि 'अंतर्' म्हणजे आतला. दिसायला जवळचे असे हे दोन शब्द अर्थाने परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत. निबंधाचा गाभाच उलटा समजला जात होता आणि शब्दार्थ दिलेला असूनही समजला जात होता.

म्हणून आता प्रत्येक संज्ञेसमोर चार रकाने असतात : ती प्रथम कोणत्या परिच्छेदात येते, साध्या बोलीत तिचा अर्थ काय, आपल्या परिसरातील उदाहरण कोणते आणि ती 'काय नव्हे'. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगाचा ठरला. अंतर्विवाहासमोर मुले लिहितात : "गटातच लग्न. आंतरजातीय विवाह नव्हे, त्याच्या उलट."

उदाहरणाच्या रकान्यात आपली बोली मदतीला येते. आपल्याकडे भावकी आणि सोयरे हे दोन शब्द लहान मुलालाही कळतात. भावकीत सोयरीक होत नाही, हा बहिर्विवाह. जातीबाहेरही सोयरीक होत नाही; हा अंतर्विवाह. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, भारतात बहिर्विवाहाचा नियम आधीपासून सर्वत्र होता. त्यावर अंतर्विवाहाचा नियम चढवला गेला, तेव्हा जात तयार झाली. एका भिंतीच्या बाहेर जायचे आणि दुसऱ्या भिंतीच्या आत राहायचे, एवढ्याच पट्ट्यात सोयरे शोधायचे, असे फळ्यावर दोन वर्तुळे काढून सांगितले की मुलांना ते कळते. एका मुलाने विचारले, "मग मामाची मुलगी कशी चालते?" प्रश्न रास्त होता. मामा भावकीत येत नाही. आतल्या वर्तुळाची रेषा बापाच्या कुळाभोवती आहे. संज्ञा समजली की नाही, हे अशा प्रश्नावरून ओळखावे. व्याख्या पाठ म्हणून दाखवल्याने ते कळत नाही.

चर्चेचे प्रश्न

या भागात माझ्या हातून झालेली एक चूक आजही मनाला लागून आहे. तिसऱ्या भागाखाली मी प्रश्न लिहिला होता, "या तीन प्रथांपैकी कोणत्या तुमच्या जातीत होत्या?" आपल्या वसतिगृहात अनेक जातीजमातींची मुले एका पंगतीत जेवतात. प्रश्न वाचताच वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने वही मिटली ती त्या तासिकेत पुन्हा उघडली नाही. जातीचा अभ्यास करण्याच्या नावाखाली मी मुलांना जात सांगायला उभे केले होते. तेव्हापासून नियम केला : चर्चेचा प्रश्न मुलाच्या घराविषयी विचारायचा नाही, लेखातील विधानाविषयी किंवा सर्वांना खुल्या असलेल्या नोंदीविषयी विचारायचा. घरचे कोणाला सांगावेसे वाटले तर ते स्वतः सांगतात.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. आमची मुले बाबासाहेबांच्या विधानावर प्रश्न विचारायला कचरतात. चर्चा म्हणून सुरू झालेली तासिका आदरांजलीची सभा होऊन जाते. म्हणून मी पाचव्या भागाचा शेवटचा परिच्छेद सर्वांत आधी मोठ्याने वाचून घेतो. तेथे तरुण लेखक म्हणतो की, आपली उपपत्ती निराधार ठरली तर ती सोडून देण्यासही आपण तेवढेच तयार आहोत. भावनेला शास्त्राच्या क्षेत्रात स्थान नाही. हे वाचल्यावर मुलांची भीड चेपते. मग चर्चेच्या प्रश्नांत 'सहमत आहात काय?' असे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर एका शब्दात येते. 'हे विधान खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे, आणि ते दिसते काय?' असे विचारतो.

अशा प्रश्नांनी काय घडते, याची तीन उदाहरणे देतो.

चिंचोक्यांच्या खेळात एका गटाने सुचवले, "विधवेचे विधुराशी लग्न लावा. दोघेही वाढीवच आहेत." निबंधात या वाटेचा वेगळा विचार मला आढळला नाही. मी तसे सांगितले आणि तोच चर्चेचा प्रश्न केला. मुलांनी उत्तर शोधले : नवरा बायकोपेक्षा वयाने मोठा असला की बहुधा तोच आधी जातो, म्हणून विधवा अधिक आणि विधुर थोडे. त्या वाटेने काही जणी सुटतील, सगळ्या सुटणार नाहीत. उपपत्ती कोसळली नाही, परंतु तिच्यातील एक न सांगितलेले गृहीतक मुलांच्या हाती लागले.

दुसरे उदाहरण एका मुलीचे. गंगाखेड, पालम भागातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले आपल्याकडे राहतात. ती त्यांतली. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे पोरींची लग्नं लवकर होतात. पण त्यात वाढीव पुरुष कुठे आहे? आईबाप कारखान्याला जाताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून उरकतात. आणि मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता." वर्गात कोणीच काही बोलले नाही. नंतर आम्ही फळ्यावर दोन रकाने केले : प्रथा सुरू होण्याचे कारण आणि प्रथा चालू राहण्याचे कारण. निबंध पहिल्या रकान्याविषयी बोलतो. ती मुलगी दुसऱ्याविषयी बोलत होती. प्रथा जुनी राहते आणि तिला पोसणारे कारण बदलते, हे त्या दिवशी एका विद्यार्थिनीने आम्हांला शिकवले. त्या तासिकेनंतर मी तिच्या वडिलांना भेटून आलो. ती या वर्षी अकरावीत आहे.

तिसरे उदाहरण कायद्यांचे. फळ्यावर मी तीन वर्षे लिहितो. १८२९, सतीबंदी. १८५६, विधवा पुनर्विवाहाला मान्यता. १९२९, सारडा कायदा, ज्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. आज ते अठरा आहे. निबंधातील तिन्ही प्रथांवर कायदे झाले. मग प्रश्न : "साधने तुटली, तर अंतर्विवाहही सुटायला हवा होता. तसे झाले काय? नसेल, तर उपपत्तीत काय दुरुस्त करावे लागेल?" काही मुले चौथ्या भागाकडे वळतात. तेथे अनुकरणाचे विवेचन आहे : प्रतिष्ठित गटाच्या जो जितका जवळ, तो त्याच्या प्रथा तितक्या कडकपणे पाळतो, जो दूर, त्याच्यात प्रथा विरळ होत जातात, परंतु जातीचे तत्त्व तेवढे राहते. एका मुलाने लिहिले, "आता कुंपण पडले तरी माणसे आतच राहायला शिकली आहेत." दुसऱ्या एकीने हरकत घेतली, "शिकली म्हणजे काय? बाहेर गेलेल्याला वाळीत टाकतात, ते कुंपण अजून आहेच." तिने बहिष्काराचा परिच्छेद क्रमांकासह दाखवला. दोघांचेही म्हणणे निबंधात आधार शोधत होते. मार्गदर्शिका उपयोगी पडली हे मी अशाच खुणेवरून ओळखतो : चर्चेत मुले सरांकडे न पाहता परिच्छेदाकडे बोट दाखवतात.

मार्गदर्शिका अशी आहे

माजी विद्यार्थ्यांना आपल्या गावातील अभ्यासिकेत किंवा विहारातील वाचनवर्गात वापरता यावी, म्हणून तिचा दुसऱ्या भागापुरता नमुना येथे देतो.

वाचनापूर्वी :
१. वीस जोडप्यांच्या वस्तीत बाहेर सोयरीक करायची नाही. एक नवरा वारला. वस्तीपुढे कोणत्या वाटा आहेत?
२. बायको वारली तर त्याच वाटा राहतात काय? फरक पडत असेल तर तो कशामुळे?

संज्ञा : अंतर्विवाह, बहिर्विवाह, वाढीव स्त्री, वाढीव पुरुष. प्रत्येकीचे चारही रकाने वाचता वाचता भरावेत.

वाचताना : लेखकाने विधवेसाठी किती वाटा मांडल्या आणि विधुरासाठी किती, ते परिच्छेद क्रमांकासह लिहा. तुमच्या गटाला सुचलेली परंतु लेखात नसलेली वाट वेगळी लिहा.

चर्चा :
१. स्त्री व पुरुष या दोघांच्या बाबतीत वाटा सारख्या का नाहीत? लेखकाने दिलेले कारण पुरेसे वाटते काय?
२. लेखात नसलेली तुमची वाट वस्तीने स्वीकारली असती, तर नियम टिकला असता काय?

एवढ्यास चाळीस मिनिटे पुरतात. दहा खेळाला, पंधरा वाचनाला, पंधरा चर्चेला. वेळ कमी पडला तर खेळ आखडावा, वाचन आखडू नये. प्रौढांचा वर्ग असेल तर चिंचोके आणायला संकोच वाटेल, तरीही आणावेत. मागील वर्षी पालकसभेत ते आणले होते आणि साठीच्या पुढच्या एका आजींनी दाणा उचलून हातात धरला, तो सभा संपेपर्यंत खाली ठेवला नाही.